रेपो दर आणि तीस लाखांचं गृहकर्ज

मित्रहो, व्याजदरावर बोलायचं म्हटलं की आलेख आणि टक्केवारी यांची गर्दी होते आणि ऐकणारा माणूस तिसऱ्या मिनिटाला घड्याळाकडे बघू लागतो. म्हणून आज मी एकच कर्ज धरून चालणार आहे. एप्रिल २०२२ मध्ये कुणीतरी घर घेतलं. तीस लाखांचं कर्ज, वीस वर्षांची मुदत, व्याज सात टक्के आणि हप्ता २३,२५९ रुपये. कर्ज कल्पित आहे. पण असं कर्ज काढलेल्या घरांनी पुढे जे भोगलं ते खरं आहे.

त्या वेळी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्के होता. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये तो तिथे आणला गेला आणि दोन वर्षं तिथेच राहिला. मग युक्रेनचं युद्ध आलं. कच्चं तेल भडकलं, सूर्यफुलाचं तेल महागलं. पतधोरण समितीची नियमित बैठक जूनमध्ये व्हायची होती, पण मे महिन्यातच ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक बोलावली गेली आणि ४ मे रोजी दर ४.४० झाला. त्या एप्रिलची किरकोळ महागाई पुढे ७.७९ टक्के निघाली. कायद्याने रिझर्व्ह बँकेला उद्दिष्ट दिलं आहे चार टक्क्यांचं, आणि दोन ते सहा ही त्याची चौकट. सलग तीन तिमाह्या चौकट मोडली तर कारणं आणि उपाय सरकारला लेखी कळवावे लागतात. २०२२ मध्ये ती वेळ आलीच. जूनमध्ये दर ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरअखेर ५.९०, डिसेंबरात ६.२५ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५०. नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के.

आता रेपो म्हणजे काय? बँकांना एखाद्या दिवशी पैसा कमी पडला की त्या सरकारी रोखे ठेवून रिझर्व्ह बँकेकडून अगदी थोड्या मुदतीची उसनवारी करतात. तिचा दर तो रेपो. तुमचं गृहकर्ज बँक या पैशातून देत नाही, लोकांच्या ठेवींतून देते. मग रेपो वाढला की तुमचा हप्ता का वाढावा? कारण १ ऑक्टोबर २०१९ पासून तसा नियम आहे. बँकांनी घरासाठी, गाडीसाठी आणि लहान उद्योगांसाठी दिलेली नवी बदलत्या दराची कर्जं बाहेरच्या एखाद्या दराला जोडलेली असली पाहिजेत, आणि निदान तीन महिन्यांतून एकदा तो फरक कर्जदारापर्यंत पोहोचला पाहिजे. बहुतेक बँकांनी रेपोच निवडला. त्याआधी बँका स्वतःच्या खर्चाचा हिशेब करून दर ठरवायच्या. त्यामुळे रिझर्व्ह बँकेने कपात केली तरी ग्राहकापर्यंत ती पोहोचायला वर्ष लागायचं आणि पोहोचायची ती अर्धीमुर्धी. तक्रार रास्त होती म्हणून नियम बदलला. पण रेपोला जोडलेलं कर्ज उतरताना जितक्या चटकन उतरतं, तितक्याच चटकन चढतंही.

आपल्या कर्जाचं सूत्र रेपो अधिक तीन टक्के असं धरू. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले १७,५०० रुपये व्याजात जातात आणि ५,७५९ मुद्दलात. लांब मुदतीच्या कर्जाची सुरुवात अशीच असते. जुलैमध्ये दर ७.९० झाला. बँका अशा वेळी सहसा हप्त्याला हात लावत नाहीत, मुदत वाढवतात. ग्राहकाला खात्यातून तेवढेच पैसे गेलेले दिसतात, त्यामुळे त्याच्या लक्षातही येत नाही. पण २३७ महिने उरले होते ते एका फटक्यात २८३ झाले. ऑक्टोबरमध्ये दर ८.९० वर गेला आणि त्याच हप्त्यात कर्ज फिटायला आणखी तेहतीस वर्षं लागणार असा हिशेब आला. चाळिशीत घर घेतलेल्या माणसाला बँक तेहतीस वर्षं कशी देणार?

एप्रिल २०२३ मध्ये दर साडेनऊ टक्के. वर्षभरात या घराने २ लाख ७९ हजार रुपये भरले होते आणि मुद्दल उतरलं होतं जेमतेम तेहतीस हजारांनी. उरलेल्या २९ लाख ६७ हजारांवर एका महिन्याचं व्याज झालं सुमारे २३,४९० रुपये. हप्ता २३,२५९. म्हणजे पूर्ण हप्ता भरूनही व्याजसुद्धा निघत नाही, कर्ज उलट वाढतं. या टोकाला मुदत वाढवण्याचा उपाय संपतो आणि हप्ता वाढवावाच लागतो. ठरलेल्या मुदतीत फेडायचं तर तो २८,१५० च्या आसपास जातो. दरमहा जवळजवळ पाच हजार रुपये जास्त.

याच्या शेजारी दुसरं कर्ज ठेवा. दहा लाख उरलेत, पाच वर्षं उरलीत, दर तोच सातवरून साडेनऊवर गेला. हप्ता १९,८०० वरून २१,००० होतो. बाराशे रुपयांचा फरक. हप्ता तसाच ठेवला तरी मुदत पाचेक महिन्यांनी वाढते, बस्स. कर्ज जितकं नवं आणि जितकं लांब, तितका मार मोठा. दरवाढीचा भार सगळ्या समाजावर सारखा पसरतो असं आपण गृहीत धरतो, ते खरं नाही. तो सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त पडतो तो नुकतंच घर घेतलेल्या तरुण कुटुंबावर. मला हे मनापासून खटकतं, आणि धोरणाच्या चर्चेत याचा उल्लेख फार कमी होतो.

आणि कुणावर पडत नाही? पीककर्ज घेणाऱ्या शेतकऱ्याला तीन लाखांपर्यंत सवलतीच्या दराने कर्ज मिळतं, आणि आपल्या राज्यात वेळेवर फेडलं तर पंजाबराव देशमुख योजनेमुळे व्याज शून्यावर येतं. रेपो चार असो की साडेसहा, त्याला फरक नाही. गावातली पतसंस्था स्वतःच्या ठेवींच्या दरावर चालते, सावकाराच्या व्याजाचा तर रेपोशी संबंधच नाही. गृहवित्त कंपन्यांनाही २०१९ चा तो नियम लागू नाही. म्हणजे रिझर्व्ह बँक दोरी ओढते तेव्हा ती काही ठिकाणी घट्ट बसते, काही ठिकाणी सैल पडते आणि काही ठिकाणी बांधलेलीच नसते.

आता खर्चाकडे येऊ. हप्त्यात गेलेले पाच हजार कुठून तरी कमी होतात. नवा फ्रिज पुढे ढकलला जातो, दिवाळीची खरेदी आवरती घेतली जाते. पण याहून मोठा परिणाम अजून कर्ज न घेतलेल्यांवर होतो. बँक पगार बघून ठरवते की हा माणूस किती हप्ता झेपवू शकेल. २३,२५९ रुपयांच्या हप्त्यात सात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी तीस लाख मिळत होते, साडेनऊ टक्क्यांनी पंचवीस लाखांच्या आतच मिळतात. पाच लाखांची ही तूट कुणी दागिने मोडून भरतो, कुणी लहान घर बघतो, कुणी वर्षभर थांबतो. अशी हजारो कुटुंबं थांबली की बांधकाम मंदावतं, सिमेंट आणि टाइल्सची मागणी घटते. दुसऱ्या बाजूला ठेवींचे दर वाढल्यामुळे पैसा बँकेत ठेवण्याकडे कल वाढतो. निवृत्तांना त्यात दिलासा मिळतो, पण उशिराने, कारण जुनी मुदत ठेव संपून नव्या दराने सुरू व्हावी लागते.

मागणी थंडावली की दुकानदाराला भाव वाढवताना विचार करावा लागतो. महागाईवर होणारा परिणाम हा असा, आणि तो सावकाश होतो. अन्न आणि इंधन वगळून उरलेल्या वस्तू-सेवांची महागाई, जिला कोअर महागाई म्हणतात, ती २०२२ मध्ये सहा टक्क्यांच्या आसपास होती. साडेतीनच्या खाली यायला २०२४ उजाडलं. कच्च्या मालाचे जागतिक भाव उतरल्याचाही त्यात मोठा वाटा होता. सगळं श्रेय रेपोला देणं बरोबर नाही.

आणि जुलै २०२३ मधला टोमॅटो आठवा. काही शहरांत किलोला दोनशेच्या वर गेला. महागाई एकदम ७.४४ टक्के झाली. रेपो तेव्हा साडेसहाच होता आणि रिझर्व्ह बँकेने तो तसाच ठेवला. नारायणगावच्या बाजारात आवक कमी असेल, आधी भाव पडल्यामुळे लागवड घटली असेल, वर पावसाने पीक गेलं असेल, तर मुंबईतल्या कर्जदाराचा हप्ता वाढवून एकही क्रेट जास्त येत नाही. नवी आवक सुरू झाली आणि सप्टेंबरची महागाई ५.०२ वर आली. पण त्या वेळच्या निर्देशांकात खाद्यपदार्थांचा वाटा जवळजवळ ४६ टक्के होता, त्यामुळे टोमॅटो-कांद्याकडे पूर्ण दुर्लक्षही करता येत नव्हतं. अन्न बराच काळ महाग राहिलं की खाणावळवाला थाळीचे पैसे वाढवतो, कामगार मजुरी वाढवून मागतो, आणि एकदा वाढलेली थाळी टोमॅटो उतरल्यावर स्वस्त होत नाही. रिझर्व्ह बँकेला खरी भीती याची असते. म्हणूनच लोकांना पुढच्या वर्षी महागाई किती वाटते, हे ती शहराशहरांत पाहणी करून विचारत असते.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक महत्त्वाचा आदेश काढला. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हे बँकेने ग्राहकाला विचारलं पाहिजे. स्थिर दरावर जाण्याचा पर्याय देणंही तेव्हा सक्तीचं होतं. शिवाय मुदत ताणताना हप्त्यातून किमान व्याज तरी निघतं आहे याची खात्री केली पाहिजे. वर सांगितलेला उलट वाढणाऱ्या कर्जाचा प्रकार सर्रास झाल्याशिवाय असा आदेश निघत नसतो.

फेब्रुवारी २०२५ पासून दर उलट दिशेने निघाला आणि डिसेंबरपर्यंत साडेसहावरून सव्वापाचवर आला. आपल्या कर्जाचा दर २०२६ च्या सुरुवातीला सव्वाआठ टक्के. सुमारे २७ लाख ७६ हजार शिल्लक, मूळ मुदतीप्रमाणे १९५ महिने बाकी. आता हप्ता २५,९०० पर्यंत खाली आणता येतो, महिन्याला सव्वादोन हजार हातात राहतात. किंवा २८,१५० चालू ठेवला तर कर्ज अडीच वर्षं आधी फिटतं आणि एकूण भरणा जवळजवळ चार लाखांनी कमी होतो. घरात पैशाची ओढ असेल तर पहिला मार्ग योग्य, नसेल तर दुसरा. पण बँकेने यातलं काय केलं आहे ते आधी शोधावं लागतं. त्यासाठी कर्जखात्याचा उतारा मागवा आणि तीन आकडे बघा: सध्याचा दर, उरलेले महिने, आणि रेपोच्या वर बँक किती टक्के लावते आहे. नव्या ग्राहकाला ती बँक रेपोवर दोन-अडीच टक्के लावत असेल आणि तुमच्याकडून तीन घेत असेल, तर तो फरक कमी करण्यासाठी लेखी अर्ज द्या. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, म्हणजे अर्ज नाकारला तर कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याची वाट मोकळी आहे.