दमलेल्या आईबाबांची शांतता

दोन-तीन वर्षांच्या मुलांचे आईबाबा माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा बहुतेक वेळा तक्रार रागाची असते. ‘मी फार चिडते’, ‘माझा आवाज चढतो’, ‘परवा मी त्याचा दंड जोरात आवळला’. या लोकांची मला काळजी वाटतेच, पण त्याहून जास्त काळजी वाटते ती ‘आता मी चिडत नाही’ असं सांगणाऱ्यांची. आज मुख्यतः त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. ओळख पटू नये म्हणून मी तपशील थोडे बदलले आहेत. मुलगा अडीच वर्षांचा. वडील म्हणाले, “मध्यंतरी घरात रोज आरडाओरडा असायचा. गेला महिनाभर ती शांत झाली आहे, म्हणून मला वाटलं की बरं चाललंय.” आई काहीच बोलली नाही. मी तिला एक साधा प्रश्न विचारला, जो मी सगळ्यांनाच विचारते: या आठवड्यात मुलानं नवीन शब्द कोणता उच्चारला? या वयाची मुलं दर आठवड्याला काही ना काही नवं बोलत असतात. ती बराच वेळ आठवत राहिली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची आंघोळ, जेवण, औषध, झोप, सगळं ती वेळेवर करत होती. एकही काम चुकलं नव्हतं. फक्त गेले कित्येक दिवस तिनं त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

बेल्जियममधल्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलाय्चाक या दोन मानसशास्त्रज्ञांनी पालकांच्या बर्नआउटवर, म्हणजे मूल सांभाळण्याच्या सततच्या ताणानं आतून पार संपून जाण्यावर, बरंच मूलभूत काम केलं आहे. २०१८ मध्ये त्यांनी तो मोजण्यासाठी २३ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात चार गोष्टी पाहिल्या जातात. पालकपणाच्या नुसत्या विचारानंही येणारा थकवा, ‘मी पूर्वी अशी आई नव्हते’ ही टोचणी, पालक असण्याचाच वीट येणं, आणि मुलापासून मनानं तुटत जाणं. पहिल्या तीन गोष्टी माणसाला स्वतःला जाणवतात. चौथी गोष्ट मात्र बाहेरून समंजसपणासारखी दिसते, म्हणून घरातले लोक हमखास फसतात. मनाकडे देण्यासारखं काही उरलं नाही की ते खर्च थांबवतं. आधी गप्पा जातात, मग खेळ जातो, मग नजर जाते. कामं तेवढी हातानं होत राहतात. ही आई अगदी तिथे पोचली होती.

आता इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. ऑफिसच्या कामात, मैत्रिणीशी बोलताना, एखादं पुस्तक वाचताना तुम्हाला बरं वाटतं आणि घराची बेल वाजवताना पोटात गोळा येतो, तर ते बर्नआउटकडे झुकतं. कुठेच, कशातच बरं वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर नैराश्याची शक्यता तपासून घ्यावी, कारण त्याचे उपचार वेगळे आहेत. आणि सतत गळून गेल्यासारखं वाटत असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी एकदा करूनच घ्या. रक्त कमी असलेल्या बाईला ‘स्वतःसाठी वेळ काढ’ असं सांगण्यात काही अर्थ नाही.

वडिलांकडेही वळते, कारण तेही दमलेले होते आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी विचारल्यावर बऱ्याच वेळानं म्हणाले, “मी खाली गाडी लावतो आणि वीस-वीस मिनिटं आत बसून राहतो. वर खिडकीत दिवा दिसत असतो. आत रडणं चालू असणार हे माहीत असतं. दार उघडायला हात उठत नाही.” बायकोला वाटायचं, त्यांना उशीर होतो. बाबांच्या बाबतीत ही पळून जाण्याची इच्छा आपण गंभीरपणे घेत नाही. वर मी ज्यांची नावं घेतली त्यांच्याच अभ्यासात असं दिसलं आहे की बर्नआउट आईंमध्ये जास्त आढळतो, पण ज्या वडिलांना तो होतो त्यांच्यात सगळं सोडून निघून जाण्याचे विचार अधिक येतात.

मग करायचं काय? बहुतेकांना पहिल्यांदा सुचते ती सुट्टी. मुलाला आजीकडे ठेवून दोन दिवस कुठेतरी जाऊन यायचं. जरूर जा, पण त्यानं हा थकवा जात नाही, कारण परत आल्यावर सोमवार तसाच असतो. रोस्काम-मिकोलाय्चाक तराजूची कल्पना वापरतात. एका पारड्यात भार, दुसऱ्यात आधार. बरेच महिने भाराचं पारडं खाली राहिलं की माणूस कोलमडतो. माझा अनुभव असा की दमलेल्या माणसाला आधार वाढवायला सांगितलं, व्यायाम कर, छंद जोपास, तर ते आणखी एक काम होऊन बसतं. आधी भारातलं काहीतरी उतरवावं लागतं. आणि काय उतरवायचं हे अंदाजानं ठरवलं तर बहुधा चुकतं.

म्हणून या दोघांना मी सात दिवस वही ठेवायला सांगितलं. प्रत्येकानं आपापली. दर दोन तासांनी वेळ लिहायची, काय चाललंय ते चार शब्दांत लिहायचं, आणि अंगात किती त्राण आहे त्याला शून्य ते दहा आकडा द्यायचा. बस.

वही पाहिल्यावर दोघंही चकित झाले. आईला वाटत होतं की तिला जेवणाची भांडणं संपवतात. पण जेवणाला आकडा पाच-सहा होता. तो शून्यावर यायचा रात्री साडेआठ ते सव्वादहा या वेळात, म्हणजे मुलाला झोपवताना. रोज पावणेदोन तास. दिवा घालवायचा, गोष्ट, पाणी, शू, पुन्हा गोष्ट, मग रडणं. मुलगा ‘हट्टी’ आहे असं दोघांचं ठाम मत झालं होतं.

मी त्याची दिवसाची झोप विचारली. दुपारी चार ते सहा. सांभाळायला येणाऱ्या ताई चारला जात, आईचं घरून चालणारं काम सहापर्यंत असे, म्हणून तेवढ्यात त्याला झोपवलं जाई. आता हिशोब करा. सहाला उठलेलं अडीच वर्षांचं मूल साडेआठला झोपेल कसं? या वयाच्या मुलांना चोवीस तासांत साधारण अकरा ते चौदा तास झोप लागते, दुपारची धरून. हा रात्री सव्वादहाला झोपून सकाळी साडेसातला उठत होता आणि वर दुपारचे दोन तास. म्हणजे सव्वाअकरा तास पुरे होत होते. त्याला झोप येतच नव्हती, आणि ज्याला झोप येत नाही त्याला झोपवण्यात एक आई रोज स्वतःला संपवत होती.

बदल सोपा नव्हता, कारण चार ते सहा ही पोकळी भरायची होती. शेवटी ताईंची वेळ दोन तासांनी पुढे सरकवली, नऊ ते चारच्या जागी अकरा ते सहा. सकाळचे नऊ ते अकरा वडिलांनी घेतले. त्यांना कामाची वेळ बदलून मागावी लागली, ती मिळाली. सगळ्यांना मिळत नाही हे मला माहीत आहे. तेव्हा वेगळं काहीतरी काढावं लागतं, पण वहीतला शून्य कुठे आहे ते आधी कळलेलं असतं. दुपारची झोप रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे ओढत एक ते अडीच या वेळेवर आणली. दहा-बारा दिवस लागले. पहिले चार दिवस संध्याकाळ किरकिरीची गेली, तीही मी आधीच सांगून ठेवली होती, नाहीतर लोक तिसऱ्या दिवशी सोडून देतात. मग मुलगा नऊच्या सुमारास, वीस मिनिटांत झोपू लागला.

दुसरा बदल आंघोळीचा. ती संध्याकाळची भांडणाची जागा होती. ती सकाळी गेली आणि पूर्णपणे वडिलांकडे गेली. पूर्णपणे म्हणजे टॉवेल कुठे आहे, नखं कधी कापायची, साबण संपत आलाय का, हे सगळं त्यांनीच लक्षात ठेवायचं. काम एकानं करायचं आणि आठवण दुसऱ्यानं ठेवायची, यात आठवण ठेवणाऱ्याचा भार जवळजवळ तसाच राहतो. तसंच विश्रांतीचं. रोज अर्धा तास दोघांपैकी एकाला सुट्टी, आणि त्या अर्ध्या तासात त्याला काहीही विचारायचं नाही. शेजारच्या खोलीत कान टवकारून बसणं म्हणजे विश्रांती नव्हे. वडिलांनी आपला अर्धा तास घरी आल्या आल्या मागितला. गाडीत चोरून बसण्यापेक्षा तो घरात, सांगून मिळाला.

राहता राहिला तो प्रत्यक्ष रागाचा क्षण. दात आवळले जातात, खांदे कानाकडे जातात, आवाज घट्ट होतो. प्रत्येकाची खूण वेगळी असते. आपली कोणती ते ओळखून ठेवा. ती दिसली की मुलाला सुरक्षित जागी ठेवा आणि दोन मिनिटं बाजूला व्हा. रडू दे. सुरक्षित जागी दोन मिनिटं रडल्यानं मुलाचं काही बिघडत नाही. संतापात त्याला गदागदा हलवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. श्वास घ्यायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला द्या, पाच-सहा वेळा. एवढ्यानं राग जात नाही, पण हात थांबतो.

आणि ओरडलातच, तर दुरुस्ती करा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकापासून आई आणि बाळ यांचे व्यवहार क्षणाक्षणानं टिपले. नीट चाललेल्या नात्यांतही दोघांचे सूर बऱ्याच वेळा जुळलेले नसतात. ते पुन्हा जुळवले जातात हे महत्त्वाचं असतं. तेव्हा मुलाच्या उंचीवर बसा आणि म्हणा, “मी मोठ्यानं ओरडले. तुला भीती वाटली ना? मी असं ओरडायला नको होतं.” इथे थांबा. ‘पण तू ऐकत नव्हतास’ हे त्याला जोडलंत की माफी उलटून त्याच्यावरच जाते. शिस्तीचं बोलणं नंतर, वेगळं.

हे सगळं करूनही स्वतःला किंवा मुलाला इजा करण्याचे, सगळं संपवण्याचे विचार येत असतील, तर वही वगैरे बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, डॉक्टरांकडे जा. ते विचार लपवले की वाढतात, आणि एकट्यानं त्यांच्याशी झुंजायचं काही कारण नाही.

ते जोडपं सहा आठवड्यांनी पुन्हा आलं. आईच्या वहीत रात्रीचा आकडा चार झाला होता. दहा नाही, चार. दमलेली दिसत होतीच. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, नवा शब्द कोणता? ती म्हणाली, “पाऊस.” वडील म्हणाले, “नाही, त्याच्या आदल्या दिवशी आंघोळीत तो ‘बुडबुडा’ म्हणाला होता.” आणि कुठला शब्द आधी आला यावरून दोघांचं माझ्यासमोर बराच वेळ चाललं होतं.