उणे वजनाचा बाण आणि डाईक्स्ट्राची घाई

जाहीर केलेला विषय आहे चक्र नसलेल्या दिशायुक्त ग्राफमधली कमीत कमी अंतरं, आणि त्यावरून कामांचं वेळापत्रक कसं काढायचं. वेळापत्रकाकडे येतोच. पण आधी एका सवयीबद्दल बोलायचंय. ‘कमीत कमी अंतर’ एवढे शब्द कानावर पडले की आपले विद्यार्थी थेट हीप उघडतात आणि डाईक्स्ट्रा लिहायला बसतात. ग्राफ कसा आहे हे बघायलाही थांबत नाहीत.

फळ्यावरचा ग्राफ बघा. अ पासून ब ला बाण, वजन 5. अ पासून क ला 2. ब पासून क ला उणे 4. ब पासून ड ला 6, आणि क पासून ड ला 3. आपण अ वरून निघणार. डाईक्स्ट्रा सगळ्यात जवळचा नोड उचलतो, म्हणजे क, अंतर 2, आणि तो पक्का करून टाकतो. तिथून ड ला 5 मिळतात. मग ब ची पाळी येते. ब वरून क ला 5 उणे 4, म्हणजे 1 मध्ये जाता येतं, पण क वर तर शिक्का बसलाय! उत्तर येतं ड = 5. खरं उत्तर 4 आहे. प्रोग्राम कुठे अडखळत नाही, तक्रारही करत नाही, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. हीपमध्ये नोड पुन्हा टाकू दिला तर उत्तर बरोबर येतं, हे खरं. पण मग एकच नोड किती वेळा बाहेर येईल याची हमी जाते, आणि वाईट ग्राफवर ती संख्या घातांकी वाढते.

इथे हीपची गरजच नाही. ग्राफमध्ये चक्र नाही, म्हणजे सगळे नोड एका रांगेत असे लावता येतात की प्रत्येक बाण पुढेच जातो. आपली रांग अ, ब, क, ड. अ ची पाळी: ब = 5, क = 2. ब ची पाळी: क सुधारून 1, ड = 11. क ची पाळी: ड = 4. संपलं. क ची पाळी येईपर्यंत क कडे येणारे सगळे बाण तपासून झालेले असतात, म्हणून तेव्हाचं त्याचं अंतर अखेरचं. उणे वजनानं यात काहीच बिघडत नाही. प्रत्येक बाण एकदाच तपासला जातो, त्यामुळे वेळ नोड अधिक बाण, एवढाच.

```
for u in order:
    if dist[u] == INF:
        continue
    for v, w in adj[u]:
        if dist[u] + w < dist[v]:
            dist[v] = dist[u] + w
            prev[v] = u
```

दुसरी-तिसरी ओळ अनेकजण गाळतात. समजा फ नावाचा आणखी एक नोड आहे, ज्याच्याकडे कुठूनच बाण येत नाही, आणि त्याच्यापासून ब ला व इ या नव्या नोडला उणे 3 चे बाण आहेत. अ वरून इ ला पोचताच येत नाही. पण `INF` म्हणून 1000000000 ठेवलं असेल आणि ती तपासणी नसेल, तर इ चं अंतर 999999997 छापून येतं. असा आकडा दिसला की समजा, न पोचलेल्या नोडवरून बाण सुटलाय.

रांग लावायची पद्धत आर्थर कान यांनी 1962 मध्ये मांडली. प्रत्येक नोडकडे किती बाण येतात ते मोजा, शून्य असलेले सगळे बाहेर काढा, त्यांचे बाण वजा करा, नव्यानं शून्य झालेले काढा. इथे ‘सगळे’ या शब्दावर भर द्या. सुरुवात अ वरून करायची म्हणून फक्त अ च रांगेत टाकला, तर फ चा बाण कधीच वजा होत नाही, ब ची मोजणी 1 वरच अडकते आणि त्यामागचे क, ड सुद्धा. बाहेर आलेले नोड कमी भरले की आपण म्हणतो ग्राफमध्ये चक्र आहे. इथे चक्र नसतं, सुरुवात अर्धवट असते.

घड्याळ बघता वेळापत्रकाला पाचच मिनिटं उरलीत, तर थेट मुद्द्यावर. कानच्या लेखातच पर्ट या नियोजनपद्धतीचा दाखला आहे, आणि तिथे लागतं ते सगळ्यात लांब अंतर. सर्वसाधारण ग्राफमध्ये सगळ्यात लांब साधा मार्ग शोधण्याची झटपट पद्धत कोणाला माहीत नाही. इथे मात्र तीच रांग, तोच फेरा. ‘पेक्षा कमी’च्या जागी ‘पेक्षा जास्त’ लिहा आणि सुरुवातीला `INF` ऐवजी उणे `INF` ठेवा, तपासणीतसुद्धा.

घराचं काम घ्या. पाया 10 दिवस, त्यावर भिंती 15 दिवस. सुताराकडे चौकटी 20 दिवस, पहिल्या दिवसापासून. दोन्ही झाल्यावर चौकटी बसवायला 3 दिवस. बसवणं सुरू होईल 25 आणि 20 यांतल्या मोठ्या आकड्याला, म्हणजे 25 ला, आणि काम संपेल 28 व्या दिवशी. `prev` धरून मागे चाला: बसवणं, भिंती, पाया. या साखळीत एक दिवस उशीर झाला की घराला एक दिवस उशीर. सुताराला मात्र 5 दिवसांची सवड आहे.