फुटलेला आवाज आणि समूहगान

शाळेच्या समूहगानात सातवी-आठवीतल्या एखाद्या मुलाला आपण मागच्या रांगेत उभं करतो आणि हळूच सांगतो, ‘तू नुसते ओठ हलव.’ हे करण्याची गरज का नाही, आणि त्याच मुलाला गायला नेमकं काय द्यायचं, एवढंच आज बोलणार आहे.

साधारण बारा ते पंधरा या वयात मुलाचं स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं. कंठमणी पुढे येतो आणि स्वरतंतू जाड होतात. त्यांची लांबी सुमारे 60 टक्क्यांनी वाढते. मुलींमध्येही ही वाढ होते, पण बरीच कमी. मुलाच्या बोलण्याचा आवाज शेवटी जवळजवळ एक सप्तक खाली येतो. ही घसरण एका रात्रीत होत नाही आणि सरळ रेषेतही होत नाही. आधी वरचे स्वर हवाळ होतात आणि सुटू लागतात. मग खालचे स्वर सापडायला लागतात. अधेमधे काही महिने असे जातात की मधल्या दोन-चार स्वरांवर आवाजच उमटत नाही. त्यांच्या खाली येतो, वर नकली आवाजात येतो, मधे फक्त हवा. आपण त्याला बेसूर म्हणतो, पण त्याचा कान शाबूत असतो. कधी तर तो तोच स्वर अचूक, फक्त एक सप्तक खाली लावत असतो आणि ते आपल्याही लक्षात येत नाही.

अमेरिकेतले जॉन कुक्सी यांनी 1970च्या दशकात या बदलाचे टप्पे पाडले. ते सगळे पाठ करायची गरज नाही. आपल्याला तीन गट पुरतात: न फुटलेले, मधले आणि नुकते खाली स्थिरावलेले.

गट ओळखायचा कसा? मुलाला वीसपासून उलटं मोजायला सांगा आणि तो ज्या स्वरावर बोलतोय तो पेटीवर शोधा. त्याच्या गाण्यातला सर्वात खालचा स्वर सहसा त्याच्या दोन-तीन पट्ट्या खालीच असतो. मग वरून खाली येणाऱ्या पाच स्वरांचा छोटा अलंकार गाऊन घ्या. वर जाताना हनुवटी उचलली गेली किंवा मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, की हद्द आली समजायचं. हे सगळं वर्गासमोर करू नका. तिघा-तिघांना बाजूला घ्या. एकट्याला घेतलं तर तो लाजतो, आणि तीसजणांसमोर तर तोंडच उघडत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. भूपातलं एक गीत आहे, पट्टी काळी पाच. अस्थाई मध्य सा ते ध, अंतरा प पासून तार ग पर्यंत. मुली आणि न फुटलेली मुलं हे जसंच्या तसं गातील.

मधल्या गटाचा आवाका या पट्टीत साधारण मंद्र प ते मध्य नी असतो. पण आरामाची जागा त्याहून लहान, जवळपास मध्य सा ते प. म्हणजे अस्थाई त्यांना पेलते, ध वर थांबायला मात्र लावू नका. अंतऱ्यात ही मुलं तुटतात. तिथे त्यांना वेगळी ओळ द्या: मुख्य चाल तार सा वर थांबली की यांनी मध्य ग धरायचा, तार ग आला की मध्य सा. बोल तेच, स्वर दोनच. चार स्वर नीट गाणाऱ्या मुलाला दुसरी ओळ मिळाली की तो ती अभिमानानं गातो, हे मी बघितलंय.

तिसऱ्या गटाला आपण सहज म्हणतो, ‘अरे, खालच्या सप्तकात गा.’ इथेच गफलत होते. काळी पाचचा मंद्र सा या मुलांना बहुतेकदा लागत नाही, तो अर्ध्या पट्टीनं निसटतो. म्हणजे अस्थाई सप्तकभर खाली नेली की सुरुवातच गिळली जाते. अंतरा खाली नेला तर शेवटचा ग नेमका त्या हवेच्या पट्ट्यात येतो. यांना मंद्र प, मंद्र ध आणि मध्य सा द्या. हे तीन स्वर यांच्या गळ्यात पक्के बसतात, आणि भूपात चालतातही.

पट्टी बदलून सगळं सुटेल का? पांढरी एकला गेलं तर तिसऱ्या गटाला अस्थाई खाली गाता येते, पण मुलींचा तार ग फार वर जातो. म्हणून मी पट्टी न हलवता ओळ हलवते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ही वाटणी टिकत नाही. जूनमध्ये मधल्या गटात असलेला मुलगा दिवाळीनंतर तिसऱ्यात गेलेला असू शकतो, म्हणून दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या. आणि गाताना घसा दुखतो म्हणणाऱ्याला रियाज वाढवायला सांगू नका. त्याला गाणं थांबवू द्या, आणि दुखणं राहिलंच तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवा. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात कुणाचा आवाज घसरला, तर त्याला तिसऱ्या गटाची ओळ द्या. ती तीनच स्वरांची आहे, एका तासात बसते.