2 कुठून आला?

मंडळी, फळ्यावर लिहिलेलं हे समीकरण एका अकरावीच्या उत्तरपत्रिकेतलं आहे: √(x + 7) = x − 5. आपली गोव्यातली मुलं या इयत्तेत गणित इंग्रजीतून करतात, पण इथे फोंड्यात आज श्रोते मराठी आहेत, म्हणून मराठीतच सोडवू. मुलाने दोन्ही बाजूंचा वर्ग केला. x + 7 = x² − 10x + 25, म्हणजे x² − 11x + 18 = 0. अवयव पाडले, (x − 9)(x − 2) = 0. उत्तर लिहिलं, x = 9 किंवा x = 2. इथवरच्या आकडेमोडीत एकही चूक नाही, तरी उत्तर चूक आहे.

9 घालून बघा. √16 म्हणजे 4, आणि 9 − 5 = 4. जमलं. आता 2 घाला. डावीकडे √9 = 3, उजवीकडे 2 − 5 = −3. जमत नाही.

गंमत अशी की त्या मुलाने ताळा केला होता. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: √9 = ±3, म्हणून −3 चालेल. सगळी गडबड त्या ± मध्ये आहे. x² = 9 या समीकरणाला 3 आणि −3 अशी दोन उत्तरं आहेत, हे खरं. पण √ हे चिन्ह त्यातल्या ऋण नसलेल्या वर्गमुळासाठीच राखून ठेवलेलं आहे. √9 म्हणजे 3, बस्स. −3 हवं असेल तर −√9 असं लिहावं लागतं. वर्गसमीकरणाच्या सूत्रात आपण मुळाच्या आधी ± मुद्दाम लिहितो, तेही याचसाठी. चिन्हातच दोन्ही किमती असत्या तर ते लिहायचं कारणच नव्हतं.

समोरून एक सर म्हणतायत की मुळाखालची संख्या ऋण नाही ना, एवढं पाहिलं की झालं. सर, ही तपासणी पुष्कळजण शिकवतात, म्हणून जरा थांबतो. x = 2 ला मुळाखाली 9 आहे, धन आहे. तुमच्या तपासणीत 2 पास झाला! आणि तो होणारच. वर्ग केल्यावर x + 7 = (x − 5)² हे समीकरण मिळालं. त्याचं कुठलंही उत्तर घ्या, तिथे x + 7 ही संख्या कशाचा तरी वर्ग असणार. वर्ग ऋण कसा असेल? म्हणजे उपरं उत्तर ही चाळणी कधीच अडवत नाही. पाहायची ती दुसरी बाजू. डावीकडे मूळ एकटं आहे, ते ऋण होऊ शकत नाही, तेव्हा x − 5 सुद्धा शून्य किंवा धन हवं. x ≥ 5. इथे 2 बाहेर पडतो.

पण तो आला कुठून? डाव्या बाजूला A म्हणा, उजव्या बाजूला B. A = B असेल तर A² = B² असतंच. उलटं येताना मात्र A² − B² = (A − B)(A + B), म्हणजे A = B किंवा A = −B. वर्ग केला त्या क्षणी आपण नकळत A + B ने गुणलं, आणि −√(x + 7) = x − 5 हे वेगळंच समीकरण आत घेतलं. 2 हे त्याचं अगदी खरं उत्तर आहे. फक्त आपल्याला ते समीकरण विचारलेलं नव्हतं.

ऋण उत्तर आलं की खोडायचं, असाही एक रिवाज मुलांमध्ये आहे. इथे दोन्ही उत्तरं धन होती, त्यामुळे 2 वर कुणाला संशयच आला नाही. आता √(x + 6) = −x घ्या. वर्ग केल्यावर x² − x − 6 = 0, उत्तरं 3 आणि −2. 3 घातला तर डावीकडे 3, उजवीकडे −3, गेला. −2 घातला तर √4 = 2, आणि −(−2) = 2; हाच खरा. रिवाज पाळणारा इथे नेमकं खरं उत्तर खोडतो आणि खोटं ठेवतो. चिन्ह x चं पाहायचं नाही, मुळासमोरच्या बाजूचं पाहायचं.

दोन-दोन मुळं असली, वर्ग दोनदा करावा लागला, की एवढ्या एका अटीवर भागत नाही. मग प्रत्येक उत्तर पहिल्या ओळीत, वर्ग करण्याआधीच्या समीकरणात घालायचं. वर्ग केल्यानंतरच्या ओळीत घातलं तर 2 तिथे बिनबोभाट जमतो: 9 = 9.

पेपर तपासणाऱ्यांसाठी एक खूण सांगतो. एकच मूळ असेल आणि ते एका बाजूला एकटं असेल, तर उपरं उत्तर घातल्यावर दोन्ही बाजू फक्त चिन्हाने चुकतात, 3 आणि −3 अशा. एकीकडे 3 आणि दुसरीकडे 4 असं काही आलं, तर वर्ग करण्याला दोष देऊ नका. मुलाची बेरीज-वजाबाकी कुठेतरी घसरली आहे, मागच्या ओळी पुन्हा बघा.