रडू येणे आणि गुण देणे

श्रोतेहो, नमस्कार.

एका प्रश्नावलीतील एका वाक्यापासून मी सुरुवात करतो. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या लेनोर रॅडलॉफ यांनी 1977 साली सर्वसामान्य लोकांमधील उदासी मोजण्यासाठी वीस वाक्यांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती सीईएस-डी या नावाने ओळखली जाते आणि आजही अनेक देशांत वापरली जाते. गेल्या आठवड्यात अमुक एक अनुभव किती दिवस आला, एवढेच प्रत्येक वाक्याबाबत सांगायचे असते. बहुतेक वाक्यांना क्वचितच किंवा अजिबात नाही, तर शून्य गुण. पाच ते सात दिवस, तर तीन गुण. वीस वाक्यांची बेरीज शून्यापासून साठपर्यंत जाते आणि सोळा किंवा त्याहून अधिक गुण झाले, की त्या व्यक्तीकडे अधिक लक्ष द्यावे, असा संकेत आहे. या वीस वाक्यांतील सतरावे वाक्य रडण्याबद्दलचे आहे. गेल्या आठवड्यात तुम्हाला रडू येत होते का, हा त्याचा आशय.

आता असे दोन शेजारी डोळ्यांसमोर आणा, एक स्त्री आणि एक पुरुष, की ज्यांच्या मनावरचे ओझे अगदी सारखे आहे. दोघांची झोप तेवढीच उडालेली, कामात लक्ष न लागणे तेवढेच, जीव नकोसा वाटणेही तेवढेच. तरीही सतराव्या वाक्यापाशी स्त्री ‘एक-दोन दिवस’ म्हणेल आणि पुरुष ‘नाही’ म्हणेल, अशी शक्यता बरीच आहे. तिला एक गुण मिळाला, त्याला शून्य. हा एक गुण उदासीचा नाही. लहानपणी कोणाला रडू दिले गेले आणि कोणाला ‘मुलीसारखा काय रडतोस’ म्हणून गप्प केले गेले, त्याचा तो गुण आहे. उदासी सारखी असूनही गट बदलला म्हणून उत्तर बदलत असेल, तर ते मोजमाप दोन्ही गटांसाठी एकच राहिलेले नाही. संख्याशास्त्रात या प्रश्नाला ‘मेजरमेंट इनव्हेरियन्स’ म्हणतात. आपण त्याला मापनाची समानता म्हणू.

ही समानता आहे की नाही, हे कसे ओळखायचे? नुसत्या सरासऱ्या पाहून ते कळत नाही. स्त्रियांची सरासरी जास्त आली, तर ती खऱ्या उदासीमुळे आली की प्रश्नाच्या तिरकेपणामुळे, हे सरासरी स्वतःहून सांगू शकत नाही. म्हणून अभ्यासक प्रत्येक वाक्याचे वागणे तपासतात. उदासी आपल्याला थेट दिसत नाही, पण वीस उत्तरे एकमेकांशी ज्या प्रकारे जोडलेली असतात, त्यावरून तिचा अंदाज बांधता येतो. मग प्रत्येक वाक्यासाठी दोन गोष्टी काढल्या जातात. पहिली म्हणजे चढ: उदासी एका पायरीने वाढली, की या वाक्याचे उत्तर सरासरी किती वाढते? दुसरी म्हणजे आरंभबिंदू: ज्या पायरीपासून आपण मोजायला लागतो, तिथे या वाक्याला मुळात किती गुण मिळतात? हे सर्व स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी वेगवेगळे काढायचे आणि मग एकेक बंधन घालत जायचे. आधी पाहायचे, की दोन्ही गटांत तीच वाक्ये तशीच एकत्र येतात का. मग चढ सारखे धरून पाहायचे. शेवटी आरंभबिंदूही सारखे धरायचे. प्रत्येक टप्प्यावर, हे बंधन घातल्यावर प्रत्यक्ष उत्तरांशी असलेला मेळ किती बिघडला, हे मोजायचे. मेळ सांगणाऱ्या अनेक निर्देशांकांपैकी सीएफआय नावाच्या एकाला, तो 0.01 पेक्षा अधिक घसरला तर सावध व्हावे, असा 2002 पासून रूढ झालेला दंडक आहे. तो दंडकच आहे, निसर्गनियम नव्हे. पण तो हाताशी असतो, म्हणून वापरला जातो.

रडण्याचे वाक्य बहुधा शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे आरंभबिंदूपाशी अडखळते. आकडे काल्पनिक घेऊन सांगतो. समजा, एका पायरीमागे 0.5 गुण वाढणे हा चढ दोन्ही गटांत सारखा आहे. पण आरंभबिंदू स्त्रियांचा 0.6 आणि पुरुषांचा 0.2 आहे. म्हणजे उदासी कितीही असो, सारख्याच उदास स्त्रीला या एका वाक्यावर पुरुषापेक्षा सरासरी 0.4 गुण जास्त मिळणार. आता समजा, संपूर्ण प्रश्नावलीत स्त्रियांची सरासरी 14 आणि पुरुषांची 12 आली. दोन गुणांच्या या फरकातील 0.4 गुण रडण्याच्या वाक्याने आणलेले आहेत. ते बाजूला काढले, तरी 1.6 गुणांचा फरक उरतो. ही गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण एक वाक्य तिरके निघाले, की ‘स्त्रियांमधील उदासी हा सगळा मोजण्याचाच खेळ होता’ असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. तो निष्कर्ष चूक आहे. फरकाचा किती भाग कोणत्या वाक्यामुळे आला, हे ही तपासणी सांगते. फरक मुळात नव्हताच, असे ती आपोआप सांगत नाही.

सरासरीत 0.4 हा आकडा लहान वाटेल. पण सोळाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. मघाच्या त्या दोन शेजाऱ्यांपैकी स्त्रीचे गुण सोळा झाले, त्यातला एक रडण्याचा. पुरुषाचे पंधरा झाले. तिला पुढे डॉक्टरांकडे पाठवले गेले आणि तो तेवढाच खचलेला असताना घरी परतला. या तिरकेपणाचा तोटा स्त्रियांची उदासी फुगवून दाखवण्यात जेवढा आहे, तेवढाच पुरुषांची उदासी नजरेतून सुटण्यातही आहे. याच प्रश्नावलीत ‘मी नेहमीपेक्षा कमी बोललो’ असेही एक वाक्य आहे आणि काही अभ्यासांत ते वाक्यही स्त्री-पुरुषांमध्ये वेगळे वागताना आढळले आहे.

भाषांतर करताना हा गुंता आणखी वाढतो आणि मराठीत तर तो व्याकरणातच शिरतो. ‘मला उदास वाटले’ हे वाक्य स्त्री आणि पुरुष दोघेही जसेच्या तसे म्हणू शकतात. परंतु ‘मी कमी बोललो’ हे पुरुषाचे वाक्य आहे, स्त्री ‘बोलले’ म्हणेल. छापील कागदावर केवळ ‘बोललो’ असेल, तर स्त्रीला वीसपैकी काही वाक्ये परक्या तोंडची वाटतात. रडण्याचे तर विचारूच नका. अशाच एका प्रश्नावलीचे मराठी वाक्य तपासताना सातारा जिल्ह्यातील एका वयस्कर शेतकऱ्यांना मी विचारले होते, ‘गेल्या आठवड्यात तुम्ही रडलात का?’ ते लगेच म्हणाले, ‘छे, रडायचं काय त्यात?’ थोड्या वेळाने बैलाचा विषय निघाला. त्यांनी तो नुकताच विकला होता. ते म्हणाले, ‘गोठ्याकडं बघितलं की रोज भरून येतं.’ माझ्या हातातल्या कागदावर शून्याला खूण झालेली होती आणि खरे उत्तर तीन होते. रडणे, रडू येणे, डोळ्यांत पाणी येणे, भरून येणे हे आपल्याकडे एकाच गोष्टीचे चार शब्द नाहीत. पुरुषाला यांपैकी कोणता शब्द कबूल करता येतो, यावर त्याचा आरंभबिंदू ठरतो. ‘रडलात का’ऐवजी ‘भरून येत होते का’ असे विचारले, तर दोन गटांमधील अंतर कमी होईल, असा माझा कयास आहे. मात्र तो दोन्ही गटांत पुन्हा तपासूनच मान्य करावा लागेल.

तिरके वाक्य सापडल्यावर काय करायचे? काहीजण ते काढूनच टाकतात. संशोधनात मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. बाकीच्या वाक्यांवरील बंधने तशीच ठेवून या एका वाक्याचा आरंभबिंदू प्रत्येक गटासाठी मोकळा सोडायचा, म्हणजे रडण्यातून मिळणारी माहिती वाया जात नाही आणि तुलनाही बिघडत नाही. दवाखान्यात मात्र परिचारिका कागदावर बेरीज करते, तिला आरंभबिंदू मोकळा सोडता येत नाही. तिथे वाक्य बदलणे किंवा काढणे हेच बरे.

आता या तपासणीची मर्यादा सांगतो, कारण ती विसरली जाते. रडण्याचे वाक्य सापडले, ते इतर वाक्यांच्या तुलनेत वेगळे वागले म्हणून. सगळीच वाक्ये एकाच दिशेने, आपापल्या चढाच्या प्रमाणात कलली असतील, तर ती एकमेकांशी छान जुळतात, मेळ कुठेच बिघडत नाही आणि सगळा कल हा खरा फरक म्हणून नोंदला जातो.

प्रदेशांची तुलना करताना नेमका हाच धोका असतो. अमर्त्य सेन यांनी 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केरळ आणि बिहार यांचे उदाहरण मांडले होते. केरळमधील लोक बिहारमधील लोकांपेक्षा कितीतरी अधिक वर्षे जगतात आणि तरीही ‘मी आजारी आहे’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण केरळमध्ये फार जास्त आणि बिहारमध्ये फार कमी होते. जिथे शिक्षण आहे, दवाखाना जवळ आहे, तिथे माणूस सांधेदुखीलाही आजार म्हणतो. जिथे ते नाही, तिथे रोजचा खोकला हा जगण्याचाच भाग समजला जातो. गुडघा, दम, झोप, थकवा, काहीही विचारा. उंबरठाच वेगळा असल्यामुळे सगळी उत्तरे एकत्र सरकतात. इथे मृत्यूची नोंद हाताशी होती, म्हणून विसंगती दिसली. केवळ उत्तरांकडे पाहून ती दिसली नसती.

यासाठी बाहेरचा एखादा ठोकळा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ या पाहणीत तसा एक प्रयत्न झाला. भारतात ती 2007 मध्ये सहा राज्यांत सुरू झाली आणि महाराष्ट्र त्यांपैकी एक होता. त्यात स्वतःच्या प्रकृतीबरोबरच काही काल्पनिक माणसांच्या प्रकृतीलाही गुण द्यायला सांगितले होते. अमुक एका बाईला थोडे अंतर चालता येते, पण जिना चढताना दम लागतो. तिला हिंडण्याफिरण्याचा त्रास कितपत आहे? वर्णन सर्वांना तेच असते. एका राज्यातील लोक त्या बाईला ‘थोडा त्रास’ म्हणाले आणि दुसऱ्या राज्यातील ‘बराच त्रास’ म्हणाले, तर त्यांचे उंबरठे किती अंतरावर आहेत, हे कळते आणि त्यांची स्वतःबद्दलची उत्तरे तेवढी सरकवून घेता येतात. अर्थात, ते वर्णन दोन्हीकडे सारखेच समजले गेले असले पाहिजे. ज्या गावात दुमजली घरच नाही, तिथे जिना चढणे म्हणजे काय, हे पाहणी करणाऱ्याने आधी विचारून घ्यावे लागते आणि गरज पडल्यास जिन्याच्या जागी टेकाड किंवा विहिरीच्या पायऱ्या लिहाव्या लागतात.

नमस्कार.