घोषणेला जुना शब्द का लागतो?

मघाशी एका विद्यार्थिनीनं चिठ्ठी पाठवली आहे. ‘जॉर्ज ऑर्वेलच्या १९८४ या कादंबरीतल्या घोषणा आणि तिथली नवभाषा या एकाच गोष्टी आहेत का?’ प्रश्न नेमका आहे, म्हणून आज तेवढंच बोलतो. कादंबरीतला सत्ताधारी पक्ष जुन्या भाषेच्या जागी जी भाषा घडवतो आहे, ती नवभाषा. घोषणा आणि नवभाषा एक नाहीत. एक आधीची पायरी आहे, दुसरी नंतरची, आणि हे कादंबरीतलंच एक पात्र आपल्याला सांगून जातं.

त्या पात्राचं नाव साइम. तो नवभाषेच्या शब्दकोशाच्या अकराव्या आवृत्तीवर काम करतो. कँटीनमध्ये जेवता जेवता तो कादंबरीचा नायक विन्स्टन याला आपलं काम समजावून सांगतो. लोकांना वाटतं आम्ही नवे शब्द घडवतो. प्रत्यक्षात आम्ही रोज शब्द मारतो, असं तो आनंदानं सांगतो. ‘चांगलं’ हा शब्द असताना ‘वाईट’ कशाला हवा? ‘अचांगलं’ म्हटलं की झालं. ‘उत्कृष्ट’, ‘अप्रतिम’ यांच्याऐवजी ‘अधिकचांगलं’. वरवर पाहता ही शाब्दिक काटकसर वाटते. पण ‘वाईट’ गेल्यावर त्याच्याबरोबर दुष्ट, अन्यायी, क्रूर यांच्यातला फरकही जातो. उरतो फक्त ‘चांगलं’चा नकार, आणि चांगलं काय हे पक्ष ठरवतो.

पण पक्षाची खरी कारागिरी जिवंत ठेवलेल्या शब्दांत दिसते. कादंबरीच्या शेवटी नवभाषेवर परिशिष्ट जोडलेलं आहे. ते बरेच जण वाचत नाहीत आणि तिथेच चुकतात. ‘मुक्त’ हा शब्द नवभाषेत आहे. ‘हे कुत्रं उवांपासून मुक्त आहे’, ‘हे शेत तणापासून मुक्त आहे’ अशी वाक्यं चालतात. राजकीय किंवा वैचारिक मुक्ततेचा अर्थ तेवढा कापून टाकला आहे. आता अशी कल्पना करा, की त्याच भाषेत वाढलेला एखादा मुलगा म्हणाला, ‘मी मुक्त नाही.’ ऐकणारा त्याच्या डोक्यात उवा शोधेल! मुलाची घुसमट खरी आहे, पण तिची तक्रार होऊ शकत नाही, कारण तक्रारीला लागणारा अर्थ कोशात नाही.

इथे एक मर्यादाही नीट लक्षात घ्या. शब्द गेला की भावना मरते, असं परिशिष्ट म्हणत नाही. बिग ब्रदर हा पक्षाचा सर्वोच्च नेता. ‘बिग ब्रदर अचांगला आहे’ हे वाक्य नवभाषेतही बोलता येतं. पण कोणी ‘का?’ विचारलं, तर पुढचं वाक्य नाही. युक्तिवादाला लागणारे शब्दच उरलेले नाहीत. भाषेची पकड ऑर्वेल तिथे दाखवतो. उत्तरपत्रिकेत ‘लोक विचारच करू शकत नाहीत’ असं सरसकट लिहू नका.

आता घोषणांकडे येऊ. सत्य मंत्रालयाच्या पांढऱ्या भिंतीवर तीन ओळी आहेत: युद्ध म्हणजे शांतता. स्वातंत्र्य म्हणजे गुलामी. अज्ञान म्हणजे शक्ती. यातला ‘म्हणजे’ पाहा. तो शब्दकोशातला ‘म्हणजे’ आहे, व्याख्येचा. त्यात ‘कारण’ नाही, ‘कधी’ नाही, ‘कोणासाठी’ नाही. वाद घालायला फटच ठेवलेली नाही. म्हणायचं, पुन्हा म्हणायचं. मधल्या घोषणेचा अर्थ फार उशिरा, छळाच्या खोलीत कळतो. विन्स्टनचा छळ करणारा पक्षाचा अधिकारी ओब्रायन त्याला सांगतो की ती उलटीही वाचता येते: गुलामी म्हणजे स्वातंत्र्य. एकटा माणूस हरतोच, कारण त्याला मरण आहे. पक्षात विरघळला तर तो अमर. स्वातंत्र्याचा अर्थ इथे ‘एकटेपण’ इतका आकसून टाकला आहे.

तरीही या घोषणेला बोचण्यासाठी जुना अर्थ लागतो. ऐकणाऱ्याला स्वातंत्र्य ठाऊक असेल तरच ते गुलामीबरोबर ठेवताना मनाला पीळ पडतो, आणि तो पीळ गिळून टाकणं हीच निष्ठेची परीक्षा. म्हणूनच साइम कँटीनमध्ये म्हणतो की पुढे घोषणाही बदलतील. स्वातंत्र्याची कल्पनाच नाहीशी झाल्यावर ‘स्वातंत्र्य म्हणजे गुलामी’ ही घोषणा राहीलच कशी? चिठ्ठीतल्या प्रश्नाचं उत्तर हेच. घोषणा जुन्या डोक्यांना वाकवते. नवभाषा वाकवण्याची गरज नसलेली डोकी तयार करते. कथेच्या काळात हे काम अर्धवटच आहे, कोणी फक्त नवभाषेत बोलत नाही. जुनी भाषा पूर्ण बाद होण्यासाठी परिशिष्ट २०५० साल देतं. विन्स्टनच्या मनात बंड उरतं, ते त्याच्याकडे जुने शब्द आहेत म्हणून.

साइमचं बोलणं ऐकताना विन्स्टनला वाटतं, हा नाहीसा होणार. याला फार स्पष्ट दिसतं आणि हा फार स्पष्ट बोलतो. पुढे एके दिवशी साइम कामावर येत नाही. सूचनाफलकावर बुद्धिबळ समितीच्या सदस्यांची यादी असते, त्यात त्याचं नाव होतं. विन्स्टन ती यादी पाहतो. कुठेही खाडाखोड नाही, यादी जवळजवळ पूर्वीसारखीच दिसते, फक्त एका नावानं लहान झालेली.