सोळा कुठे निम्मे होतात?

(कोल्हापुरात बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विद्यार्थिमित्रहो, सूत्री आणि अर्धसूत्री विभाजनाचे तुमचे तुलनातक्ते मी पाहिले. एकीकडे दोन पेशी, दुसरीकडे चार. एकीकडे सोळा गुणसूत्रे, दुसरीकडे आठ, असे सगळे बरोबर लिहिलेले आहे. मात्र सोळाची आठ नेमकी कोणत्या पायरीवर झाली, हे विचारल्यावर बहुतेकांनी दुसऱ्या विभाजनाकडे बोट दाखवले, आणि ते चूक आहे.

लक्ष्मीपुरीच्या बाजारातला कांदाच उदाहरणाला घेऊ. त्याच्या मुळाच्या टोकाशी सूत्री विभाजन चालते, तर उमलायच्या कितीतरी आधीच्या, इवल्याशा कळ्यांच्या परागकोशांत अर्धसूत्री. दोन्हीकडे सुरुवात सोळा गुणसूत्रांनीच होते. विभाजनापूर्वी डीएनएची प्रत निघते, तरी गुणसूत्रे सोळाच राहतात. कारण आपण गुणसूत्रबिंदू मोजतो, आणि तो अजून एकसंध असल्याने दोन क्रोमॅटिड मिळून गुणसूत्र एकच धरले जाते. तक्त्यातला बहुतेक घोळ इथेच, मोजण्याच्या या नियमात आहे.

मुळाच्या पेशीत पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू दुभंगतात, क्षणभर बत्तीस गुणसूत्रे होतात आणि प्रत्येक ध्रुवाकडे सोळा जातात. परागकोशात मात्र समजात गुणसूत्रांच्या आठ जोड्या जुळतात. अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवलेल्या स्लाइडवर पहिल्या मध्यावस्थेत सोळा सुटी गुणसूत्रे न दिसता आठच आकृत्या दिसल्या, तर ती हीच खूण समजावी. पहिल्या पश्चावस्थेत जोडी फुटते, गुणसूत्रबिंदू नाही. कारण तिथे शुगोशिन नावाचे प्रथिन क्रोमॅटिडांना बांधून ठेवणाऱ्या कोहेसिनचे रक्षण करते. म्हणून प्रत्येक ध्रुवाला आठ गुणसूत्रे मिळतात, प्रत्येकी दोन क्रोमॅटिडांची. संख्या इथेच निम्मी झाली. पुढे डीएनएची प्रत पुन्हा न निघता दुसरे विभाजन होते. त्यात बिंदू दुभंगतात, पण आठाची आठच राहतात, कमी होतो तो फक्त डीएनए.

तेव्हा तक्त्यात ‘काय वेगळे झाले?’ असा एक रकाना वाढवा आणि त्यात ‘जोडी’ किंवा ‘क्रोमॅटिड’ एवढेच लिहा. संकल्पना-नकाशातही नुसते बाण नकोत, प्रत्येक बाणावर क्रियापद हवे. ‘समजात जोडी फुटते’ हा बाण ‘संख्या निम्मी’ या चौकटीकडे जाईल, आणि ‘गुणसूत्रबिंदू दुभंगतो’ हा बाण सूत्री विभाजन व दुसरे अर्धसूत्री विभाजन या दोन्हींना जोडेल. ही आडवी रेघ मला फारच थोड्या नकाशांत दिसली.

नकाशा बरोबर जमला का, हे तपासायला एक चूक मुद्दाम घडवून बघा. समजा, पहिल्या पश्चावस्थेत एक जोडी फुटलीच नाही. मग एका ध्रुवाला नऊ आणि दुसऱ्याला सात गुणसूत्रे मिळतील, आणि शेवटच्या चार पेशींपैकी दोनांत नऊ, दोनांत सात असतील. तीच चूक दुसऱ्या विभाजनात, एकाच पेशीतल्या एकाच गुणसूत्राची झाली, तर दोन पेशी आठ-आठच्या चांगल्या निघतील, उरलेल्यांपैकी एकीत नऊ आणि दुसरीत सात.